फिट उत्तम, पण δ १.४५: हिराकसाच्या मॉसबाउर स्पेक्ट्रममधली चुकलेली जोडी

हा प्रश्न वर्षातून तीन-चार वेळा तरी माझ्यापुढे येतो. लोखंडाच्या संयुगाचा मॉसबाउर स्पेक्ट्रम घेतलेला असतो, दोन डब्लेट, म्हणजे रेषांच्या दोन जोड्या, टाकून फिट केलेला असतो, काय-स्क्वेअर एकच्या आसपास आलेला असतो, आणि तरीही आकडे कोणत्याच तक्त्यात नीट बसत नाहीत. मग ते कुठेतरी बसवायचे म्हणून अहवालात एखादी अशी अवस्था लिहिली जाते, जी त्या नमुन्यात असूच शकत नाही. शेवटचं असं प्रकरण हिराकसाचं होतं. ते सविस्तर सांगते, कारण त्यात नेहमीच्या बहुतेक चुका एकाच ठिकाणी सापडल्या.

एका विद्यार्थिनीने घरून हिराकस आणला होता. उसावर केवडा पडला की फवारायला कृषी सेवा केंद्रातून आणतात तोच, FeSO4·7H2O. पिशवी वर्षभर उघडी पडलेली. आतले खडे हिरवट, वर मात्र तांबूस खपली धरलेली. या खपलीतलं किती लोखंड फेरिक झालंय, एवढाच तिचा प्रश्न होता. तिने खपली खरवडून हलक्या हाताने खलली, चौरस सेंटिमीटरला साधारण ७ मिलिग्रॅम लोखंड येईल इतपत पातळ पसरली आणि खोलीच्या तापमानाला स्पेक्ट्रम घेतला. इथपर्यंत सगळं बरोबर.

स्पेक्ट्रममध्ये तीन दऱ्या दिसत होत्या. डावीकडे शून्याच्या अलीकडे एक रुंद, मग ०.७ च्या आसपास एक, आणि दूर उजवीकडे २.९ जवळ एक एकटी. (सगळे आकडे मिलिमीटर प्रति सेकंदात.) प्रोग्रामने दोन डब्लेट दिले: पहिल्याचा δ १.४५ आणि ΔEQ २.८३, दुसऱ्याचा δ ०.२० आणि ΔEQ १.०७. तिने खाली लिहिलं होतं, "हाय-स्पिन फेरस आणि लो-स्पिन फेरिक."

"मॅडम, फिट तर छान बसलाय," ती म्हणाली. बसला होताच. पण सल्फेट आणि पाणी यांच्या घोळक्यात लो-स्पिन फेरिक येणार कुठून? त्यासाठी सायनाइड किंवा फेनॅन्थ्रोलिनसारखा जोरकस लिगँड लागतो. ऑक्सिजनने वेढलेलं साधं फेरिक लोखंड हाय-स्पिनच राहतं. कुठेतरी चुकलंय हे स्पेक्ट्रमकडे न बघता, रसायनशास्त्रावरूनच कळायला हवं होतं.

दोन आकडे नेमकं काय सांगतात

आयसोमर शिफ्ट, म्हणजे δ, अणुकेंद्राच्या जागी एस-इलेक्ट्रॉनांची घनता किती आहे ते सांगतो. लोखंड-५७ च्या बाबतीत एक गोष्ट उलटी आहे. त्याचं उत्तेजित अणुकेंद्र मूळ अवस्थेपेक्षा लहान असतं, त्यामुळे एस-घनता वाढली की δ कमी होतो. फेरसमध्ये सहा ३d इलेक्ट्रॉन असतात, फेरिकमध्ये पाच. हा सहावा इलेक्ट्रॉन ३s इलेक्ट्रॉनांवर आडोसा धरतो, केंद्राजवळची घनता कमी करतो आणि δ वर चढतो. म्हणून ऑक्सिजनच्या वेढ्यात हाय-स्पिन फेरस १.०५ ते १.३ च्या पट्ट्यात सापडतं आणि हाय-स्पिन फेरिक ०.३ ते ०.५ मध्ये. फ्लोराइडसारखी अतिशय आयनिक संयुगं याच्या थोडी वर जातात, पण खोलीच्या तापमानाला १.४ ओलांडणारा फेरस जवळपास भेटतच नाही.

क्वाड्रुपोल स्प्लिटिंग, म्हणजे ΔEQ, केंद्राभोवतीच्या विद्युतभाराची मांडणी किती एकांगी आहे ते सांगतं. हाय-स्पिन फेरिकचे पाच इलेक्ट्रॉन पाच कक्षकांत एकेक बसलेले असतात. ही मांडणी गोलाकार, म्हणून जे काही स्प्लिटिंग येतं ते फक्त शेजाऱ्यांच्या वेडेवाकडेपणामुळे, आणि ते सहसा १ च्या खाली राहतं. हाय-स्पिन फेरसमध्ये सहावा इलेक्ट्रॉन एकाच कक्षकात जादा बसतो आणि तोल एका बाजूला जातो. म्हणून तिथे २ ते ३.५ इतकं मोठं स्प्लिटिंग दिसतं. ताज्या हिराकसाचं साधारण ३.२ आहे आणि त्याचा δ १.२६.

हे दोन आकडे मनात ठेवून तिच्या १.४५ कडे पुन्हा पाहा.

आधी मोजपट्टी तपासा

δ खटकला की मी पहिल्यांदा फिट उघडत नाही, कॅलिब्रेशनची फाइल उघडते. δ ला स्वतःचा शून्य नसतो, तो कशाच्या तरी तुलनेत दिलेला असतो. आज बहुतेक जण α-लोखंडाच्या तुलनेत देतात, पण प्रोग्राम कधी कधी थेट स्रोताच्या, म्हणजे र्‍होडियममध्ये मुरवलेल्या कोबाल्ट-५७ च्या तुलनेत आकडा देतो. जुन्या लेखांत तर सोडियम नायट्रोप्रुसाइड हा शून्य धरलेला सर्रास सापडतो. रूपांतर सोपं आहे, फक्त चिन्ह चुकवायचं नाही:

```
δ(α-Fe) = δ(Rh)  + 0.11
δ(α-Fe) = δ(SNP) - 0.26
```

एकाच फेरिक नमुन्याचा ०.३८ हा आकडा र्‍होडियमच्या तुलनेत ०.२७ होतो आणि नायट्रोप्रुसाइडच्या तुलनेत ०.६४. हा ०.६४ α-लोखंडाच्या तक्त्यात शोधला, तर फेरस आणि फेरिक यांच्या अधलीमधली कुठलीतरी अवस्था सापडल्याचा भास होतो. असे निष्कर्ष मी पाहिले आहेत.

दुसरी तपासणी वेगाच्या पट्टीची. α-लोखंडाच्या सहा रेषा ±५.३१, ±३.०८ आणि ±०.८४ वर येतात. डब्लेटसाठी आपण ड्राइव्ह ±४ पर्यंतच चालवत असू, तर बाहेरच्या दोन रेषा चौकटीत येतच नाहीत आणि दिसतात फक्त चार. त्यातल्या टोकाच्या रेषांना ±५.३१ समजलं, की सगळी पट्टी सुमारे १.७ पट ताणली जाते. ओळखायची खूण रेषांमधल्या अंतरात आहे. चार रेषा असतील तर अंतरं २.२४, १.६८, २.२४ अशी हवीत, मधलं सर्वांत लहान.

हिराकसाच्या प्रकरणात या दोन्ही गोष्टी बरोबर निघाल्या. शून्य α-लोखंडाचा होता आणि रेषांचं अंतर ठीक होतं. शिवाय, शून्य चुकला असता तर दोन्ही δ एकाच दिशेला सारखेच सरकले असते. इथे एक फाजील वर होता आणि दुसरा फाजील खाली. ही खूण लक्षात ठेवा: दोन δ विरुद्ध दिशांना भरकटले असतील, तर दोष मोजपट्टीत नसतो, तो रेषांच्या जोड्या लावण्यात असतो.

चार रेषा, तीन प्रकारच्या जोड्या

प्रोग्रामच्या दोन डब्लेटमधून चार रेषांच्या जागा काढल्या: −०.३४, ०.०३, ०.७३ आणि २.८६. पहिल्या दोघींमध्ये जेमतेम ०.३७ चं अंतर आहे आणि रेषांची रुंदीही जवळपास तेवढीच, म्हणून डोळ्यांना ती एकच रुंद दरी दिसते. आता कोणती रेषा कोणाची जोडीदार, हे स्पेक्ट्रम सांगत नाही. ते आपल्यालाच ठरवावं लागतं. हिशोब एवढाच:

```
δ   = (v1 + v2) / 2
ΔEQ = v2 - v1
```

शेजारशेजारच्या जोडल्या (−०.३४ व ०.०३, ०.७३ व २.८६), तर दुसऱ्या जोडीचा δ जवळजवळ १.८ येतो. तो लगेच बाद. एकाआड एक जोडल्या (−०.३४ व ०.७३, ०.०३ व २.८६), तर ०.२० / १.०७ आणि १.४५ / २.८३ येतात. हेच तिच्या कागदावर होतं. बाहेरच्या दोन एकमेकींना आणि आतल्या दोन एकमेकींना जोडल्या, तर एका जोडीचा δ १.२६ आणि ΔEQ ३.२०, दुसरीचा δ ०.३८ आणि ΔEQ ०.७०. पहिली जोडी हिराकसाची नेहमीची ओळख आणि दुसरी साधं हाय-स्पिन फेरिक. लो-स्पिन फेरिक कुठेच उरलं नाही.

दोन्ही फिटमध्ये रेषा त्याच जागी आहेत, म्हणून काय-स्क्वेअरला फरक फारसा कळत नाही. प्रोग्राम चुकीच्या जोडीकडे गेला, कारण सुरुवातीचे आकडे तिने त्यालाच शोधू दिले होते. दोन डब्लेट एकमेकांत गुंतलेले असतील तेव्हा सुरुवातीचे δ आणि ΔEQ हाताने द्यायचे, आणि ते नमुन्याच्या रसायनावरून द्यायचे.

रसायनशास्त्र बाजूला ठेवलं तरी कसं ओळखायचं

हिराकस ओळखीचा आहे म्हणून हे सोपं गेलं. अनोळखी संयुगात "तक्त्यात बसतंय" हा पुरावा पुरत नाही, कारण मग आपण तक्त्यालाच सिद्ध करत बसतो. अशा वेळी दोन तपासण्या स्पेक्ट्रममध्येच करता येतात.

पहिली रेषांच्या क्षेत्रफळाची. पूड नीट विस्कटलेली असेल तर डब्लेटच्या दोन्ही रेषांचं क्षेत्रफळ सारखं असतं. या खपलीत फेरस ५५ टक्के आणि फेरिक ४५ टक्के निघालं, म्हणजे फेरसची प्रत्येक रेषा २७.५ आणि फेरिकची २२.५. चुकीच्या जोडीत २७.५ वाली २२.५ वालीशी बांधली जाते आणि दोघींना २५ व्हावं लागतं. डावीकडच्या दोन रेषा एकमेकींवर असल्यामुळे तिथे हा फरक पचून जातो. पण ०.७३ वर फिट वाजवीपेक्षा खोल जातो आणि २.८६ वर उथळ राहतो. खालच्या फरकाच्या आलेखात या दोन जागी उलटसुलट कुबडं दिसायला हवीत.

मग तिला ती का दिसली नाहीत? दोन कारणं होती. एक, चॅनेलला जेमतेम एक लाख मोजणी झाली होती, त्यामुळे गोंगाटच ०.३ टक्के होता. तीन टक्के खोल दरीतली दहा टक्क्यांची चूक त्यात बुडून जाते. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. डब्लेटच्या दोन रेषांचं गुणोत्तर तिने मोकळं सोडलं होतं. मग काय, एका डब्लेटचं गुणोत्तर सुमारे १.२ झालं आणि दुसऱ्याचं सुमारे ०.८, आणि फिट गुळगुळीत झाला. एक डब्लेट डावीकडे कललेला आणि दुसरा जवळजवळ तेवढाच उजवीकडे, हे दिसलं की मला जोडीचीच शंका येते.

रेषा असमान असण्याला खरं कारणही असू शकतं, हे मान्य. चपटे स्फटिक खलताना एकाच दिशेला निजतात आणि डब्लेट कलतो. त्याची शहानिशा करायला नमुना साखरेत किंवा बोरॉन नायट्राइडमध्ये मिसळून पुन्हा पसरा, किंवा चकतीचा लंब गॅमा किरणाशी ५४.७ अंशांचा कोन करील अशी ती तिरकी ठेवा. कल निघून गेला तर तो स्फटिकांच्या ठेवणीचा होता. तसाच राहिला तर आत आणखी एखादा घटक लपलाय का ते शोधायचं. पण हे केल्याशिवाय गुणोत्तर मोकळं सोडणं म्हणजे पुरावाच पुसून टाकणं आहे.

दुसरी तपासणी तापमानाची, आणि माझा भरवसा हिच्यावर जास्त आहे. नमुना द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनपर्यंत थंड केला, की अणूंची थरथर कमी होते आणि प्रत्येक δ साधारण ०.१२ ने वाढतो. हे जवळपास सगळ्याच लोखंडाला सारखं लागू आहे. हाय-स्पिन फेरिकचं ΔEQ मात्र हलत नाही, कारण ते शेजाऱ्यांच्या मांडणीवर अवलंबून आहे. हाय-स्पिन फेरसचं वाढतं, कारण थंडीत सहावा इलेक्ट्रॉन सर्वांत खालच्या कक्षकात स्थिरावतो.

समजा, फेरसचं ३.२० चं ३.४० झालं. मग बाहेरच्या रेषा −०.३२ आणि ३.०८ वर येतील, आतल्या ०.१५ आणि ०.८५ वर. या रेषा आता चुकीच्या पद्धतीने जोडून बघा. एका डब्लेटचा δ ०.२० वरून ०.२७ होतो, म्हणजे फक्त ०.०७ ने वाढला. दुसऱ्याचा १.४५ वरून १.६२, म्हणजे ०.१७ ने. एकाच नमुन्यातल्या दोन लोखंडांनी एवढ्या वेगळ्या उड्या मारायचं कारण नाही. बरोबर जोडल्या तर दोन्ही δ नेमके ०.१२ ने वाढतात. यासाठी तक्ता लागत नाही, फक्त एक दिवसाचा द्रव नायट्रोजन लागतो.

जोडी बरोबर, तरी उत्तर अडतं ते ०.३५ जवळ

जोडी सुधारली की हिराकसाचं प्रकरण मिटलं. पण मुलं याच रांगेत आणखी एक प्रश्न घेऊन येतात: एकच डब्लेट, δ ०.३७, ΔEQ ०.३४, तर हे हाय-स्पिन फेरिकच ना?

असेलच असं नाही. Fe(phen)2(NCS)2 या संयुगाचे ७७ केल्विनला अगदी हेच आकडे येतात, आणि ते लो-स्पिन फेरस आहे. लो-स्पिनमध्ये सहाही इलेक्ट्रॉन खालच्या तीन कक्षकांत जोडीने बसतात, लोखंड आणि नायट्रोजनमधले बंध आखूड होतात, केंद्राजवळची घनता वाढते आणि δ फेरिकच्या पट्ट्यात उतरतो. भरलेले तीन कक्षक समतोल असतात, म्हणून ΔEQ सुद्धा लहान. त्या दोन आकड्यांवरून ही दोन लोखंडं वेगळी करता येत नाहीत, कितीही मोजणी केली तरी.

पुन्हा तापमानच उपयोगी पडतं. हे संयुग १७६ केल्विनच्या आसपास एकदम हाय-स्पिनमध्ये उडी मारतं, आणि खोलीच्या तापमानाला त्याचा δ ०.९८, ΔEQ २.६७ असतो. तापवताना फेरिक कधी असं करत नाही, ते फक्त ०.१२ ने खाली घसरतं. (इथला हाय-स्पिन फेरसचा ०.९८ हिराकसाच्या १.२६ पेक्षा बराच कमी आहे, तेही बघा. वेढा नायट्रोजनचा आहे, बंध जास्त सहसंयुजी आहेत. म्हणून ऑक्सिजनचा पट्टा नायट्रोजनच्या संयुगाला लावू नये.) स्पिन बदलतच नसेल, तर ४.२ केल्विनला काही टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र लावून बघावं. लो-स्पिन फेरसचा एकूण स्पिन शून्य, त्याला बाहेरून लावलं तेवढंच क्षेत्र जाणवतं. हाय-स्पिन फेरिक मात्र ५० टेस्लाच्या आसपासचं आतलं क्षेत्र दाखवतं आणि स्पेक्ट्रम प्रचंड पसरतो. अशी सोय सगळीकडे नसते, पण चुंबकीय ग्रहणशीलता मोजायची सोय बहुतेक विभागांत असते, आणि पाच एकट्या इलेक्ट्रॉनांचा फरक तिच्यातही लपत नाही.

सायनाइडच्या संयुगांत δ आणखीच कमी बोलतो. पोटॅशियम फेरोसायनाइडचा δ −०.०४ च्या जवळ आणि फेरिसायनाइडचा −०.१२ च्या जवळ. ऑक्सिडेशनची एक पायरी आणि फरक जेमतेम ०.०८, कारण फेरस आपले जादा इलेक्ट्रॉन सायनाइडकडे सरकवून देतं. तिथे ΔEQ कडे बघायचं. फेरोसायनाइड एकच रेषा देतं, आणि फेरिसायनाइडमध्ये एका इलेक्ट्रॉनाची जागा रिकामी असल्यामुळे रेषा साधारण ०.२८ ने दुभंगते.

खपलीचा निकाल

विद्यार्थिनीने गुणोत्तर १ वर बांधलं, सुरुवातीला १.२५ / ३.२ आणि ०.३८ / ०.७ हे आकडे दिले आणि चॅनेलला दहा लाख मोजणी होईपर्यंत नमुना ठेवला. कुबडं कुठेच आली नाहीत. ७७ केल्विनला दोन्ही δ ०.११ आणि ०.१२ ने वाढले. फेरिकचं क्षेत्रफळ खोलीच्या तापमानाला ४५ टक्के होतं, थंडीत ते ४२ वर आलं. हा फरक चुकीचा नाही. खोलीच्या तापमानाला फेरसचे अणू जास्त थरथरतात, त्यामुळे त्यांचं धक्क्याविना होणारं शोषण कमी भरतं आणि फेरिक आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. म्हणून अहवालात ४२ लिहिला, आणि ४५ का नाही त्याचं कारण शेजारी. पिशवीच्या तळातला हिरवा खडाही तिने मोजला. त्यात फक्त १.२६ / ३.२ चा डब्लेट आला, ०.७ वर काहीच नव्हतं. वरची खपली काढून टाकून खालचा हिराकस वापरायला हरकत नाही, असं तिने त्याच संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं.